मठारलेली कळशी आणि हातातला फोन: उजेड, आवाज, स्थिर चौकट

प्रश्न: नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं छोटं दुकान आहे. आता स्वतःच्या नावाने ऑनलाइन विकायला सुरुवात केली आहे. व्हिडिओ फोनवरच काढते. पण कळशीवर पांढरे चट्टे दिसतात, तांब्याचा रंग दर वेळी वेगळा येतो, माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो आणि हातही हलतो. कॅमेरा घेणं परवडणार नाही, फार तर दोन हजार खर्च करू शकते. काय करू?

उत्तर:

आधी दुकानात शूटिंग करणं थांबवा आणि कळशी घरी न्या. तुमच्या चारही तक्रारींचं मूळ फोनपेक्षा जागेत जास्त आहे.

घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याला स्वतःचं असं फार थोडं दिसणं असतं. ते समोरच्या गोष्टी दाखवतं. कळशीचं पोट बाहेर फुगलेलं असल्यामुळे तिच्यात समोरची जवळजवळ सगळी खोली उमटते. दुकानात छताला लावलेल्या एलईडी पट्ट्या, काचेचं कपाट, बाहेरच्या रस्त्यावरचं ऊन आणि फोन धरून उभ्या असलेल्या तुम्ही, हे सगळं त्या पोटावर जाऊन बसतं. तुम्हाला जे पांढरे चट्टे वाटतात त्या बहुतेक या पट्ट्याच आहेत. म्हणून उजेड वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट आणखी एक दिवा म्हणजे आणखी एक चट्टा. करायचं ते इतकंच, की कळशीच्या समोर आणि बाजूला जे येईल ते आपण ठरवायचं.

घरात एक मोठी खिडकी निवडा. उत्तरेची असेल तर उत्तम, कारण तिच्यातून दिवसभर थेट ऊन कमीच येतं. मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळकडे उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं, तेवढ्या वेळा टाळा. पूर्वेची खिडकी असेल तर ऊन वर चढून खिडकीतून सरकल्यावर, म्हणजे साधारण अकरानंतर बसा. खिडकीवर पांढरं मलमल किंवा जुनं धुतलेलं धोतर ताणून लावा. चुण्या पडू देऊ नका, कारण चुण्याही तांब्यात दिसतात. आता उजेड सूर्याकडून नाही, त्या कापडाकडून येतोय. कापड जितकं मोठं आणि कळशीच्या जितकं जवळ, तितकी चकाकी रुंद आणि मऊ होते. छोटा टोचणारा ठिपका जाऊन त्याच्या जागी वरपासून खालपर्यंत जाणारा एक लांब शांत पट्टा येतो. तांबं उठून दिसतं ते या पट्ट्यामुळे.

टेबल खिडकीला लागून ठेवू नका आणि खिडकीसमोरही नको. खिडकी तुमच्या डाव्या हाताला, कळशी तिच्यापासून दीड-दोन हात अंतरावर, आणि फोन तुमच्यासमोर, अशी काटकोनातली मांडणी करा. तुमची कळशी मठारलेली असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे. मठारकामात हातोडीची प्रत्येक खूण म्हणजे एक चिमुकला खळगा. उजेड समोरून आला की सगळे खळगे सारखेच उजळतात आणि पोट सपाट, यंत्रावर दाबून काढल्यासारखं दिसतं. बाजूने आला की प्रत्येक खळग्याची एक कड उजळते आणि दुसरी काळवंडते, मग हाताने केलेलं काम दिसायला लागतं. गिऱ्हाईक ज्यासाठी जास्त पैसे मोजणार आहे ते नेमकं हेच आहे.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर असतो, घरातला पिवळा बल्ब तांबूस. दोन्ही एकत्र आले की कळशीची एक बाजू गुलाबी आणि दुसरी नारिंगी दिसते, आणि कुठल्याही अॅपमध्ये दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाहीत. शिवाय आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची असल्याने साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोनच्या व्हिडिओत वरखाली सरकणाऱ्या काळपट पट्ट्या उमटतात. दुकानातल्या व्हिडिओत असं काही दिसलं असेल तर त्याचं कारण हे. कधी रात्री दिव्यातच काढायची वेळ आली तर फोनच्या प्रो व्हिडिओत 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Record Video` खाली `Show PAL Formats` चालू केल्यावर 25 चा पर्याय दिसायला लागतो.

आता कळशीची उजवी बाजू. तिकडे अंधार आहे, त्यामुळे ती कड मागच्या भिंतीत विरघळते. मोठा पांढरा कार्डशीट उजवीकडे, चौकटीच्या जरा बाहेर उभा करा. तो खिडकीचा उजेड परत कळशीवर टाकेल. बहुतेक जण इथेच थांबतात. पण दोन्ही बाजूंनी फक्त पांढरं असेल तर तांबं फिकट, पाणी घातल्यासारखं दिसतं. धातू धातूसारखा वाटायला त्याच्यावर उजळ पट्ट्याशेजारी गडद पट्टाही लागतो. म्हणून काळ्या कार्डशीटची चार बोटं रुंद पट्टी कापा आणि पांढऱ्या शीटच्या फोनकडच्या कडेला उभी लावा. फोनमध्ये बघत ती पट्टी हळूहळू पुढेमागे सरकवा. एका जागी आली की पोटावर बारीक काळी रेघ उमटते आणि सगळी गोलाई एकदम भरीव होते. हा बदल पडद्यावर डोळ्यांदेखत घडतो. मी भांड्यांचे व्हिडिओ काढताना सगळ्यात जास्त वेळ या पट्टीला देतो, आणि तुम्हीही द्यावा असं मला मनापासून वाटतं.

खाली काय अंथरता त्याकडेही लक्ष असू द्या. लाल किंवा हिरव्या कापडाचा रंग कळशीच्या तळाकडच्या भागात चढतो. जाड राखाडी किंवा मळखाऊ रंगाची खादी, नाहीतर बिनपॉलिशचा लाकडी पाट घ्या. तुम्ही स्वतःही पोटावर दिसणार आहात, तेव्हा भडक साडी किंवा ड्रेस नको. फोन जवळ नेऊ नका, पाच-सहा फूट मागे ठेवा. मागे गेलं की तुमचं आणि फोनचं प्रतिबिंब बारीक होतं आणि मठारकामाच्या खुणांत हरवून जातं. फोनला 2x किंवा 3x ची वेगळी लेन्स असेल तर इथे ती वापरा. नसेल तर 1x वरच ठेवून मागाहून थोडं कापा. 0.5x कधीच नको, तिने कळशीचं पोट फुगतं आणि गळा पिचकतो.

शूटिंगच्या आधी कळशी चिंच-मिठाने घासून, धुऊन, पूर्ण कोरडी करा आणि त्यानंतर हात न लावता सुती फडक्याने उचला. बाजूच्या उजेडात बोटांचे ठसे अगदी स्पष्ट दिसतात. दुसरं फडकं फोनच्या लेन्ससाठी. तिच्यावर बोटाचा तेलकटपणा असेल तर चकाकीभोवती धुरकट वलय येतं आणि आपण उगाच उजेडाला दोष देत बसतो.

रंग दर वेळी वेगळा का येतो ते आता सांगतो. फोन समोरचं दृश्य बघून स्वतःच ठरवतो की उजेड पिवळा आहे की निळा. चौकट तांब्याने भरलेली असली की त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो सगळ्या चित्राला निळसर करतो. मध्येच तुमचा हात आला, की त्याचा अंदाज बदलतो आणि कळशीचा रंगही बदलतो. उपाय असा की कळशीच्या जागी आधी साधा पांढरा कागद धरा आणि त्यावर रंग पक्का करा. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओत व्हाइट बॅलन्स हाताने लावता येतो. कागद पांढरा दिसेपर्यंत आकडा हलवा, खिडकीच्या उजेडात तो बहुधा 5500 ते 6500 च्या आसपास येईल. आयफोनमध्ये `Lock White Balance` चालू ठेवलं तर रेकॉर्डिंग सुरू होतानाचा रंग शेवटपर्यंत टिकतो. म्हणून कागद चौकटीत असतानाच रेकॉर्डिंग सुरू करायचं, मग कागद काढून कळशी ठेवायची, आणि सुरुवातीचा तुकडा नंतर कापून टाकायचा. त्याच सेटिंगमधलं `HDR Video` बंद ठेवा. ते चालू असताना काढलेला व्हिडिओ दुसऱ्या फोनवर किंवा काही अॅपमध्ये कधी फिकट तर कधी भगभगीत दिसतो.

उजेडाची पातळीही अशीच पक्की करायची. कळशीच्या उजळ पट्ट्यावर बोट दाबून धरा. आयफोनवर `AE/AF LOCK` असं येतं, बहुतेक अँड्रॉइडवर कुलपाचं चिन्ह. मग पडद्यावर शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पट्टा नुसता पांढरा न राहता त्यात तांब्याची छटा दिसेपर्यंत. मागची बाजू थोडी काळसर झाली तरी चालेल. काळसर भाग नंतर जरासा उजळता येतो, पण पांढरा होऊन गेलेल्या भागात काही उरलेलंच नसतं. पावसाळ्यात ढग सरकताना ही पातळी मध्येच चुकते. अशा दिवशी पूर्ण झाकोळ येईपर्यंत थांबा. भरलेल्या आभाळाचा एकसारखा उजेड भांड्यांना फार मानवतो.

चौकट स्थिर ठेवायची तर फोन हातातून सुटला पाहिजे. साधा ट्रायपॉड पुरेसा आहे. त्याच्या पायाशी तांदळाची पिशवी अडकवली की तो डगमगत नाही. फोन उभा ठेवा, कॅमेऱ्यातली ग्रिड चालू करा आणि लेन्स कळशीच्या काठापेक्षा किंचित वर ठेवा, म्हणजे तोंडाची लंबगोल कड दिसते आणि उंचीही राहते. फोन खाली झुकवला तर कळशी तळाशी निमुळती दिसते, म्हणून झुकवण्याऐवजी ट्रायपॉडच उंच किंवा खाली करा. चौकटीचा खालचा जवळपास पाचवा भाग मोकळा सोडा, रील्समध्ये तिथे मजकूर येतो. परातीसारखी पसरट वस्तू उभ्या चौकटीत बसत नाही, तिला पाटावर तिरकं टेकवून घ्या.

हालचाल हवी असेल तर फोन हलवू नका, कळशी फिरवा. केकवाले क्रीम लावायला जे फिरतं स्टँड वापरतात ते बेकरीच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्यावर खादी घाला, कळशी बरोबर मधोमध ठेवा आणि चौकटीबाहेरून स्टँडची कड हळू, एका लयीत फिरवा. गोल भांडं स्वतःभोवती फिरलं तरी खिडकीचा मोठा पट्टा जागचा हलत नाही, फक्त मठारकामाचे खळगे त्या पट्ट्यातून जाताना एकेक करून लुकलुकतात. साध्या, गुळगुळीत भांड्याला फिरवून काही साधत नाही, तिथे हात लावून उचलताना दाखवा. पट्टा डावीउजवीकडे डुलत असेल तर समजा कळशी मधोमध नाही. रेकॉर्डिंगचं बटण दाबताना फोन हलतो, म्हणून दाबल्यावर तीन-चार सेकंद काहीच करू नका, शेवटीही तेवढंच थांबा.

आता आवाज. फोन सहा फूट लांब, आणि त्याचाच माइक तुमचा आवाज घेतोय. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत सरळ पोहोचतो तसाच भिंती, फरशी, काच यांच्यावर आपटूनही पोहोचतो. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारा आवाज निम्म्यावर येतो, आपटून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. विहिरीचा भास त्यातून होतो. दुकानात तर रिकामी भांडी एकात एक रचलेली असतात, ती तुमच्या बोलण्याबरोबर बारीक घुमतात. हा घुमारा नंतर कुठल्याही अॅपने नीट निघत नाही. पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी काढता येते, पण शेजारच्या ठोक्याचा किंवा हॉर्नचा आवाज शब्दांवर पडला की तो शब्द गेला.

म्हणून माइक तोंडाजवळ आणा. हनुवटीखाली वीतभर अंतर योग्य. घरात जुना फोन असेल तर त्यावर रेकॉर्डरचं अॅप सुरू करा आणि तो खिशात किंवा ओढणीच्या घडीत उलटा ठेवा, कारण बोलायचा माइक फोनच्या खालच्या कडेला असतो आणि तो वर यायला हवा. दोन्ही फोन एरोप्लेन मोडवर टाका. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की चौकटीत एक टाळी वाजवा. एडिटिंगच्या अॅपमध्ये हात जुळताना दिसतो ती फ्रेम आणि आवाजातला टाळीचा टोकदार उंचवटा एकाखाली एक आणायचा, मग पहिल्या फोनचा आवाज बंद करायचा. दोन फोनची घड्याळं अगदी तंतोतंत सारखी चालत नसतात, त्यामुळे फार लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि शब्द सुटे होतात. एकेक तुकडा दोन-तीन मिनिटांचाच ठेवा. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज यासाठी वापरू नका, तो आवाज फार दाबून टाकतो. ब्लूटूथ इयरबडचा माइकही नको, त्यातून बहुधा फोनकॉलसारखा चोंदलेला आवाज येतो.

वायरवाला कॉलर माइक घेणार असाल तर आधी फोनचं भोक बघा. जुन्या गोल जॅकसाठी ज्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात तीच चालते, दोन कड्यांची पिन लावली तर फोन गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. ओळखायचं असं: रेकॉर्डिंग चालू असताना माइकच्या टोकावर नख घासा. परत ऐकताना खरखर मोठी आली तर माइक चालू आहे.

खोलीसाठी गोधडी काढा. जाड गोधडी तुमच्या समोर, फोनच्या मागे दोरीवर टाका, कारण तुमचा आवाज आधी तिकडेच जातो. दुसरी असेल तर पायाखाली अंथरा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजमध्ये घराच्या किल्ल्या ठेवल्या तर तो परत चालू करायचा राहत नाही. बांगड्या उतरवा, त्या कळशीवर आपटल्या की प्रत्येक वाक्यात किणकिण येते. कडक खळीची साडीही नको, माइकवर तिची सळसळ शब्दांच्या बरोबरीने येते. बोलून झालं की अर्धा मिनिट कोणीच न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या. दोन वाक्यांमधला तुकडा कापाल तेव्हा तिथे हा टाका, नाहीतर मध्येच कान बंद झाल्यासारखं वाटतं.

एका कळशीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ या सगळ्यातून कसा उभा राहतो ते बघू. आधी बोलणं घ्या, कारण गोधड्या टांगलेल्या असतानाच ते उरकतं. काय बोलायचं ते चार-पाच वाक्यांत लिहून काढा: किती लिटर, वजन किती, मठारकाम हाताने कसं झालं, घासायची कशी. तुम्ही दिसताय असा एक शॉट दहा सेकंदांचा पुरे, बाकीच्या वाक्यांवर कळशीची दृश्यं येतील, त्यामुळे तिथे ओठ जुळवायचा प्रश्नच नाही. मग फिरत्या स्टँडवरचा शॉट, चौकटीत फक्त पोट. त्यानंतर पूर्ण कळशी, मागून हात येतो आणि गळ्याला धरून उचलतो, त्यावरून आकाराचा अंदाज येतो. मग वरून तोंडात बघणारा शॉट. आतली बाजू काळी दिसेल, तेव्हा पांढरा कागद तोंडाच्या वर, चौकटीबाहेर तिरका धरा, तळापर्यंत उजेड पोहोचतो. शेवटी पाणी ओतणं. धार खिडकीच्या बाजूला ठेवा आणि मागे तो काळा कार्डशीट लावा, तरच ती चमकते. पांढऱ्या भिंतीसमोर पाणी दिसतच नाही.

कळशीचे आवाज मात्र वेगळे घ्या. फोन हातभर लांब धरून बोटाच्या पेराने एकदा वाजवा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबा. पाणी भरतानाचा आवाज तळापासून काठापर्यंत चढत जातो, तोही सलग घ्या. फार जवळ गेलात तर आवाज फाटतो, मग थोडं मागे सरका. दुकानातला ठोक्याचा आवाजही असाच एकदा जाऊन घेऊन ठेवा. बोलण्याखाली तो वाईट, पण मठारकामाच्या शॉटखाली एकटा फार बोलका वाटतो.

तयार व्हिडिओ कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मठारकामाच्या बारीक खुणा लगद्यासारख्या होतात.

तुमच्या दोन हजारांत ट्रायपॉड, कॉलर माइक, केकचं स्टँड, दोन रंगांचे कार्डशीट आणि मलमल एवढं साधारण बसतं. जुना फोन असेल तर माइकही आत्ता घेऊ नका. दुकानदार रिंग लाइट घ्या म्हणेल, तो घेऊ नका. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी तो ठीक आहे, पण कळशीच्या पोटावर तो जसाच्या तसा पांढऱ्या कड्यासारखा उमटतो, आणि फोन त्या कड्याच्या मधोमध असल्यामुळे कळशी कितीही फिरवली तरी ते कडं जात नाही.